शून्य टक्के, आणि वरचे दोनशे एकसष्ट रुपये

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फ्रिज आला. जुना सतरा वर्षांचा होता, दार दोरीनं बांधून ठेवावं लागायचं. बायको म्हणाली, "अहो, आता ह्या दिवाळीला तरी." गल्लीतली दुकानाची रिक्षा सकाळ-संध्याकाळ ओरडत फिरत होती, 'शून्य टक्के व्याज, शून्य डाउन पेमेंट'. आणि खरं सांगायचं तर तीच जाहिरात मी स्वतः आमच्या दिवाळी पुरवणीत छापली होती. अर्धं पान. कमिशन मला मिळालं होतं. म्हणजे 'शून्य टक्के' हे शब्द गावात पसरवण्यात माझाही हात होता, हे आधीच कबूल करतो. पुढचं सगळं त्याच कारणानं लिहितोय.

फ्रिजची किंमत ३६,००० रुपये. दुकानदार म्हणाला, "साहेब, क्रेडिट कार्ड आहे ना? सहा हप्ते, महिन्याला सहा हजार. व्याज शून्य." सहा सक छत्तीस. हिशोब पाठांतरातला, शंका घ्यायला जागाच नाही. त्यानं मशीनवर कार्ड घातलं, काहीतरी बटणं दाबली, मी पिन टाकला, चिठ्ठी फाडून दिली. फ्रिज संध्याकाळी घरी.

त्याच वेळी शेजारच्या मावशी दुकानात भेटल्या. त्या डबे देतात, वीस-बावीस. त्यांचा मिक्सर जळाला होता आणि दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर होत्या. मोठ्या मोटरचा मिक्सर ६,००० रुपयांना होता. त्यांच्याकडे कार्ड नाही. मला म्हणाल्या, "दादा, तुमच्या कार्डावर घेऊ का? तीन महिन्यांत देते." मी म्हटलं, "घ्या की मावशी. महिन्याला दोन हजार, तीन महिने. वर एक रुपया नाही." दुकानदारानंही मान हलवली. दुसऱ्यांदा कार्ड घातलं, दुसरी चिठ्ठी निघाली.

'वर एक रुपया नाही' हे वाक्य लक्षात ठेवा. ते माझं होतं, दुकानदाराचं नव्हतं.

पुढच्या महिन्यात कार्डाचं बिल आलं. माझ्या हिशोबानं सहा हजार आणि दोन हजार, आठ हजार यायला हवे होते. आले ८,५६०. किराणा, पेट्रोल काहीच त्या कार्डावर नव्हतं. पाचशे साठ रुपये कुठून आले ते शोधायला बसलो.

बिलात एकूण आठ ओळी होत्या. फ्रिजच्या हप्त्याचं मुद्दल, हप्त्याचं व्याज, व्याजावरचा जीएसटी, मिक्सरचं तसंच. आणि दोन वेळा 'प्रोसेसिंग फी व त्यावरचा जीएसटी'. फी प्रत्येकी १९९ रुपये, त्यावर अठरा टक्के म्हणजे ३५ रुपये ८२ पैसे. एका खरेदीमागे २३४ रुपये ८२ पैसे. दोन खरेद्या, दोन वेळा फी.

पहिला धक्का फीचा नव्हता. पहिला धक्का 'व्याज' ह्या शब्दाचा होता. शून्य व्याजाच्या योजनेत बिलावर व्याजाची ओळ कशी?

बँकेच्या फोनवर अर्धा तास गेला. तिथल्या मुलीनं पाठ केलेलं सांगितलं आणि त्यातून मला नीट कळलं नाही. मग दोन्ही चिठ्ठ्या घेऊन दुकानात गेलो. दुकानदार माणूस वाईट नाही. चहा मागवला आणि खरं काय ते सांगितलं. ते मी माझ्या भाषेत मांडतो, कारण हे एकदा समजलं की बाकीचं सगळं सोपं आहे.

बँक कुणालाच फुकट पैसे देत नाही. माझ्या कार्डावर हप्त्यांचा व्याजदर वर्षाला १५ टक्के होता, आणि तो दर बँकेनं लावलाच. फरक इतकाच की ते व्याज जेवढं होणार होतं तेवढी सूट फ्रिजच्या कंपनीनं किमतीतून आधीच कापली. माझ्या चिठ्ठीवर ते छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. किंमत ३६,०००, सूट १,५२४, कर्जाची रक्कम ३४,४७६. ह्या ३४,४७६ वर पंधरा टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज लावलं की ते बरोबर १,५२४ होतं आणि हप्ता बरोबर सहा हजार पडतो. म्हणजे डाव्या हातानं सूट, उजव्या हातानं व्याज. दोन्ही एकमेकांना फिटतात. 'शून्य' असा तयार होतो.

इथपर्यंत खोटं काही नाही. पण व्याज हे कागदावर व्याजच राहतं, आणि इथे कर आत शिरतो. साध्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. घराचं कर्ज, सोनेतारण, फायनान्स कंपनीचं कर्ज, कशाच्याही व्याजावर नाही. ह्या माफीतून क्रेडिट कार्डाचं व्याज मात्र मुद्दाम वगळलेलं आहे. कार्डाच्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. कंपनीनं सूट दिली ती व्याजाएवढी, त्यावरच्या करासाठी दिलेली नाही. तो कर आपण भरायचा.

माझ्या फ्रिजचं पहिल्या महिन्याचं व्याज होतं ४३० रुपये ९५ पैसे. त्यावर कर ७७ रुपये ५७ पैसे. पुढे मुद्दल कमी होत जातं तसं व्याज कमी होतं आणि करही. दुसऱ्या महिन्यात कर ६५ रुपये, मग ५२, मग साडेएकोणचाळीस, साडेसव्वीस, शेवटच्या महिन्यात तेरा. सहा महिन्यांची बेरीज २७४ रुपये ३० पैसे. एकदाच दिसली तर माणूस विचारेल, "हे काय?" दर महिन्याला थोडी थोडी आणि प्रत्येक वेळी वेगळी येते, म्हणून कुणी विचारत नाही.

तर फ्रिजचा पूर्ण हिशोब असा. फी आणि तिच्यावरचा कर २३४ रुपये ८२ पैसे. व्याजावरचा कर २७४ रुपये ३० पैसे. एकूण ५०९ रुपये. छत्तीस हजारांचा फ्रिज मला ३६,५०९ ला पडला.

मी स्वतःशी म्हटलं, ठीक आहे. छत्तीस हजारांवर पाचशे रुपये, सहा महिन्यांची सवड मिळाली. एवढ्यासाठी पोस्ट लिहिली नसती.

पण संध्याकाळी मावशी आल्या. पदराच्या गाठीतून दोन हजार काढून ठेवले. म्हणाल्या, "पहिला हप्ता, दादा." बिलात त्यांच्या मिक्सरचे २,२४८ रुपये आले होते. मी काही बोललो नाही. पैसे घेतले. 'वर एक रुपया नाही' असं मीच म्हणालो होतो ना.

बायकोला राहवलं नाही. तिनं दुसऱ्या दिवशी मावशींना सांगून टाकलं. मावशी लगेच हजर. "दादा, माझ्यामुळे तुम्हाला भुर्दंड कशाला? किती झाले ते सांगा." मी टाळाटाळ केली. त्या म्हणाल्या, "मी डब्याचा हिशोब पैशात ठेवते. सांगा."

मग आम्ही दोघं पाटावर कागद घेऊन बसलो.

मिक्सर ६,०००. तीन महिन्यांचं व्याज साधारण १४७ रुपये, तेवढीच सूट. त्या व्याजावरचा कर तिन्ही महिने मिळून २६ रुपये ४५ पैसे. फी आणि फीवरचा कर २३४ रुपये ८२ पैसे. एकूण वरचे २६१ रुपये २७ पैसे.

मावशींनी दोनदा बेरीज तपासली. मग विचारलं, "तुमच्या फ्रिजला फी किती?"

"तेवढीच. १९९."

"छत्तीस हजारालाही १९९ आणि सहा हजारालाही १९९?"

"हो."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी जो हिशोब केला तो मी बावीस वर्षं बातमीदारी करून, पत्रकारितेची पदविका घेऊन केला नव्हता. मावशी बचत गटाच्या आहेत. गटात व्याज 'शेकडा' मोजतात, म्हणजे शंभर रुपये एक महिना वापरले तर किती रुपये. त्या म्हणाल्या, "पहिला महिना माझ्याकडे सहा हजार होते. हप्ता दिला, दुसऱ्या महिन्यात चार हजार. तिसऱ्यात दोन. सहा, चार, दोन, बारा. म्हणजे बारा हजार एक महिना वापरल्यासारखं. बारा हजाराला दोनशे एकसष्ट. शंभराला दोन रुपये अठरा पैसे."

आणि मग पुढचं वाक्य: "आमच्या गटाचं दोन शेकडा आहे. गटातून घेतले असते तर दोनशे चाळीसच झाले असते की. आणि ते व्याज गटातच राहिलं असतं, आमच्याच पैशात."

मी गप्प. पहिल्या महिन्याचे एकशे वीस, दुसऱ्याचे ऐंशी, तिसऱ्याचे चाळीस. बरोबर दोनशे चाळीस. गावातल्या बायकांच्या गटाचं कर्ज, ज्याला आपण 'दोन टक्के महिना, फार झालं' म्हणून नाकं मुरडतो, ते माझ्या 'शून्य टक्क्या'पेक्षा एकवीस रुपयांनी स्वस्त होतं. वर्षाच्या भाषेत बोलायचं तर त्या मिक्सरवरचा दर सव्वीस टक्के झाला.

गोम ठरावीक फीमध्ये आहे. मावशींचीच रीत माझ्या फ्रिजला लावा. छत्तीस, तीस, चोवीस, अठरा, बारा, सहा. बेरीज एक लाख सव्वीस हजार. त्याला ५०९ रुपये. शेकडा चाळीस पैसे, वर्षाला पाच टक्क्यांच्याही आत. त्याच दुकानात, त्याच दिवशी, त्याच कार्डावर, त्याच योजनेत मला पाच टक्के आणि मावशींना सव्वीस टक्के. ज्याची खरेदी मोठी त्याला स्वस्त, ज्याची खरेदी लहान आणि मुदत कमी त्याला महाग. फी रकमेच्या टक्क्यात असती तर असं झालं नसतं. 'फक्त १९९' ऐकायला किरकोळ वाटतं. ते कशावर आणि किती दिवसांसाठी, हे विचारल्याशिवाय ते किरकोळ आहे की नाही कळत नाही.

मावशींनी मग विचारलं, "सगळे एकदम भरून टाकले तर?" दिवाळीच्या ऑर्डरीचे पैसे आले होते त्यांच्याकडे. मला वाटलं, हा उपाय. बँकेच्या अटी उघडल्या. मुदतीआधी बंद करायचं तर उरलेल्या मुद्दलावर तीन टक्के आणि त्यावर जीएसटी. मिक्सरचं उरलेलं मुद्दल ३,९२६ रुपये. त्यावर शुल्क आणि कर मिळून १३९ रुपये. बंद केल्यानं वाचणार काय, तर उरलेलं व्याज आणि त्यावरचा कर, मिळून ८७ रुपये. म्हणजे आधी भरलं तर बावन्न रुपयांचा तोटा. आणि भरलेली फी तर परत मिळतच नाही. मावशी म्हणाल्या, "राहू द्या मग. तसंच चालू द्या." प्रत्येक कार्डाचं हे शुल्क वेगळं असतं, तुमचं तुम्ही बघा. पण 'लवकर फेडलं की फायदा' हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम इथे गृहीत धरू नका.

आता फ्रिजकडे परत येतो, कारण तिथला खरा खर्च मला अजून कळायचा होता.

चहा पिता पिता मी दुकानदाराला सहज विचारलं, "मी त्या दिवशी रोख दिले असते तर?" तो हसला. "तुम्हाला म्हणून पस्तीस हजार घेतले असते." मी म्हटलं, "मग त्या दिवशी का नाही सांगितलं?" म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही, साहेब. तुम्ही थेट हप्त्याचं बोललात."

हे त्यानं लपवलं असं मी म्हणणार नाही. त्याचीही बाजू आहे. कार्ड घासलं की मशीनवाल्याला आणि बँकेला त्यातून काही टक्के जातात. रोखीला ते जात नाहीत, यूपीआयनं खात्यातून दिले तरी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. शिवाय हप्त्यांच्या योजनेत व्याजाची सूट कधी कंपनी देते, कधी तिचा काही भाग दुकानदाराच्या गळ्यात पडतो. मग तो रोखीवाल्याला जे कमी करू शकतो ते हप्तेवाल्याला करू शकत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

पण माझा हिशोब मग बदलतो. फ्रिजची खरी किंमत पस्तीस हजार होती. मी देणार ३६,५०९. वरचे पाचशे नव्हे, १,५०९. मावशींच्या रीतीनं मोजलं तर शेकडा सव्वा रुपयाच्या जवळपास, वर्षाला पावणेपंधरा टक्के. आणि बँकेचा मूळ दर किती होता? पंधरा. फिरून त्याच ठिकाणी आलो. व्याज कुठे गेलंच नव्हतं. काही फीमध्ये, काही करात, आणि सगळ्यात जास्त त्या न मागितलेल्या हजार रुपयांत होतं. ते हजार रुपये कुठल्याच चिठ्ठीवर आणि कुठल्याच बिलावर दिसत नाहीत.

रिझर्व्ह बँकेला हे माहीत नाही असं नाही. सप्टेंबर २०१३ मध्येच तिनं बँकांना लिहिलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, आणि कार्डावरच्या अशा योजनांत व्याज बहुतेक वेळा प्रोसेसिंग फीच्या रूपानं ग्राहकाकडून घेतलं जातं. मग एप्रिल २०२२ मध्ये कार्डांबाबतचे सविस्तर निर्देश आले. त्यात स्पष्ट आहे की हप्त्यात रूपांतर करण्याआधी मुद्दल किती, व्याज किती आणि ते शून्य करायला दिलेली सूट किती, हे ग्राहकाला वेगवेगळं दाखवायचं. बिलातही वेगळं दाखवायचं. आणि व्याज असलेली योजना शून्य व्याजाची म्हणून खपवायची नाही.

प्रामाणिकपणे सांगतो, माझ्या बँकेनं हा नियम मोडला असं मी म्हणू शकत नाही. चिठ्ठीवर सगळं होतं. सूट, दर, हप्ता, फी, 'जीएसटी वेगळा'. बिलातही होतं. वाचलं मी नाही. दुकानात गर्दी होती, मागे चार माणसं उभी होती, अक्षर मुंगीएवढं, आणि पिन आधीच टाकून झालेला. चिठ्ठी हातात येते ती सौदा झाल्यावर. नियमात 'आधी' म्हटलंय, काउंटरवर ते 'आधी' दोन सेकंदांचं असतं.

पण चिठ्ठीवर जे होतं ते माझ्या पुरवणीतल्या अर्ध्या पानावर नव्हतं. तिथे फक्त 'शून्य' होतं, वीतभर उंचीचं.

इथे आणखी एक प्रकार सांगायला हवा, कारण फोन बऱ्याच जणांना येतात. वर सांगितलं ते दुकानातल्या मशीनवर, खरेदी करतानाच केलेलं रूपांतर. दुसरं असतं खरेदीनंतरचं. तुम्ही साधं कार्ड घासून येता, दोन दिवसांनी बँकेचा मेसेज येतो, 'तुमची खरेदी हप्त्यात बदला'. तिथे कंपनी नाही, दुकानदार नाही, म्हणजे व्याज फेडणारी सूट द्यायला कुणी नाही. तरीही 'व्याज शून्य' म्हटलं तर फीकडे बघा. ती बहुतेक वेळा १९९ नसते, टक्क्यात असते. समजा छत्तीस हजारांवर तीन टक्के फी सांगितली, तर १,०८० आणि त्यावर कर १९४, मिळून १,२७४ रुपये. तेही पहिल्याच बिलात. सहा महिन्यांसाठी मावशींच्या रीतीनं शेकडा एक रुपया, वर्षाला बारा टक्के. तीन टक्के ऐकताना आपण 'तीनच तर आहेत' म्हणतो. पण ते वर्षाचे तीन नसतात, सहा महिन्यांत परत करत आणलेल्या पैशांवरचे तीन असतात.

आता काउंटरवर काय करायचं ते. मी स्वतः आता एवढंच करतो.

आधी हप्त्याचा विषयच काढत नाही. 'रोख किंवा यूपीआयनं दिले तर शेवटचा भाव काय?' हे विचारतो आणि आकडा कागदावर लिहून घेतो. मग हप्त्याचं विचारतो. हप्ता किती, किती महिने, फी किती. फीला अठरा टक्के मीच जोडतो. व्याजावरच्या करासाठी एक सोपी युक्ती आहे. दुकानदाराला विचारायचं, 'कंपनीची सूट किती रुपये दाखवतंय मशीन?' ती सूट म्हणजेच तुमचं व्याज. तिचे अठरा टक्के, म्हणजे शंभराला अठरा रुपये, हा तुमचा कर. मशीनवर हे आकडे पिन टाकण्याआधी दिसतात. दोन मिनिटं थांबा म्हणायला लाजू नका. सूटच दाखवत नसेल तर विचारा की ती नंतर खात्यात जमा होणार आहे का. काही योजनांत तशी येते, दोन-तीन महिन्यांनी, आणि तोवर हप्ता जास्त असतो.

मग सगळे हप्ते, फी आणि कर यांची बेरीज, वजा रोखीचा भाव. जो आकडा येईल तो त्या सवडीची किंमत. ती परवडत असेल तर खुशाल घ्या. छत्तीस हजार एकदम नसतील आणि फ्रिज हवाच असेल तर पंधरा टक्क्यांचं कर्ज म्हणजे लूट नाही. फक्त ते कर्ज आहे हे माहीत असू द्या.

आणि एक. हप्ता हा बिलाचा भाग असतो. बिल पूर्ण भरलं नाही, 'किमान रक्कम' भरून भागवलं, तर त्या कार्डावरच्या बाकी खरेदीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू होतं आणि त्यावरही जीएसटी. शून्यवाली योजना त्या दिवशी संपली समजा. आमच्यासारख्या, ज्यांचं मानधन कधी पाच तारखेला तर कधी पंचवीसला येतं, त्यांनी बिलाची शेवटची तारीख बघूनच कार्ड बाहेर काढावं.

मावशींचे ते २६१ रुपये कुणी भरले, तर सांगतो. मी म्हटलं, शब्द माझा होता, मी भरतो. त्या म्हणाल्या, मिक्सर माझा आहे. शेवटी तोडगा असा निघाला की फी मी भरायची आणि व्याजावरचा कर त्यांनी. शेवटच्या हप्त्याबरोबर त्यांनी सव्वीस रुपये मोजून दिले. पन्नास पैसे नव्हते म्हणून त्यांनाच वाईट वाटत होतं.

ह्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या जाहिरातीसाठी त्याच दुकानात गेलो. म्हटलं, मजकुरात एक ओळ घालू या, 'प्रोसेसिंग फी व जीएसटी वेगळा, रोखीचा भाव काउंटरवर विचारा'. दुकानदार म्हणाला, "साहेब, डिझाइन कंपनीकडून येतं, मला त्यात हात घालता येत नाही. आणि असं कोण छापतं?" मी म्हटलं, मग ह्या वेळी मी छापत नाही. तो काही रागावला नाही. जाहिरात दुसऱ्या पेपरला गेली. अर्ध्या पानाचं कमिशन म्हणजे माझ्या कार्डाचा जवळजवळ एक हप्ता. ते गेलं. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "बरं झालं. पण पुढच्या महिन्याचं बिल तेवढं बघा."

मावशी मात्र गटाच्या पुढच्या बैठकीत दोन्ही चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स घेऊन गेल्या. मूळ चिठ्ठ्यांची शाई उडायला लागली होती. तुमच्याकडच्या चिठ्ठ्यांचेही आजच फोटो काढून ठेवा, सहा महिन्यांनी तो कागद कोरा होतो.

तुमच्या बिलात फीचा आकडा काय आलाय ते कमेंटमध्ये लिहा. दुकानाचं, बँकेचं नाव नको. खरेदी किती, महिने किती, फी किती एवढंच लिहा. मावशींच्या रीतीनं शेकडा किती पडतं ते मोजून सांगतो. चुकलं तर त्या आहेतच शेजारी.